मंडळासमोर काय सांगायचे? मानसिक आजार आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र



परळी वैजनाथच्या आसपासच्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. पायाने अधू असलेल्या माणसाला दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळते, पण ज्याच्या मनाला बारा वर्षे आजार आहे तो मंडळापुढून रिकाम्या हाताने परत येतो. घरचे म्हणतात, "डॉक्टरांनी काही पाहिलंच नाही, दोन प्रश्न विचारले आणि चाळीसच्या खाली टाकलं." बहुतेक वेळा डॉक्टरांनी पाहण्यासारखे काही त्यांच्यापुढे आलेलेच नसते. पाय दिसतो. सकाळी अंघोळीसाठी आईला चार वेळा सांगावे लागते, हे खोलीत बसलेल्या डॉक्टरांना दिसत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते, आणि नेमके सांगावे लागते.

हा लेख त्या सांगण्याबद्दल आहे. आशाताई, शिक्षक, वस्तीवरचे कार्यकर्ते आणि घरची माणसे यांनी तो वाचावा.

मानसिक आजार हे दिव्यांगत्व आहे असे १९९५ च्या कायद्यातच म्हटले होते. पण ते मोजायचे कसे, याची पद्धत सरकारने २००२ मध्ये लागू केली. भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली ही मोजपट्टी आयडियाज या नावाने ओळखली जाते. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तरी मानसिक आजाराची मोजणी याच पट्टीने होते. या पट्टीत आजाराच्या नावाला गुण नाहीत. स्किझोफ्रेनिया म्हणून इतके टक्के आणि उन्माद-नैराश्य म्हणून तितके टक्के, असे काही नसते. एकच आजार असलेल्या दोन माणसांपैकी एक शाळेत शिकवत असेल आणि दुसऱ्याला स्वतःचे ताट वाढून घेता येत नसेल, तर दोघांची टक्केवारी फार वेगळी येईल, आणि तसेच व्हायला हवे.

डॉक्टर चार गोष्टी पाहतात. स्वतःची निगा, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, औषध. माणसांशी संबंध, म्हणजे घरात आणि बाहेर तो कसा वागतो. बोलणे आणि समजणे. आणि काम. कामात नोकरी-मजुरी, घरकाम किंवा शिक्षण यांपैकी जे त्या माणसाला लागू असेल ते एकच धरतात. प्रत्येकाला शून्य ते चार गुण असतात: शून्य म्हणजे अडचण नाही, चार म्हणजे जवळजवळ काहीच जमत नाही. त्यात आजार किती जुना आहे याचे एक ते चार गुण मिळवतात. दोन वर्षांच्या आतला आजार असेल तर एक, दहा वर्षांवरचा असेल तर चार. अशी वीसपैकी बेरीज होते. बेरीज चार-पाच आली तर टक्केवारी चाळीसच्या खाली राहते. अकरा, बारा, तेरा आली तर ती ४० ते ७० च्या दरम्यान असते, आणि चौदापासून पुढे ७१ च्या वर जाते. चाळीस ही रेषा महत्त्वाची आहे, कारण कायद्याचे आणि योजनांचे बहुतेक लाभ तिथून सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एकाच घराचे नाही. अनेक घरांत जे पाहिले ते एकत्र केले आहे.

पस्तिशीचा एक माणूस. आई, भाऊ, भावजय आणि त्यांची मुले यांच्यासोबत वस्तीवर राहतो. घर ऊसतोडीवर जगते. आजार जुना आहे. कानात आवाज येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटते. गेले वर्षभर औषध नियमित चालू आहे आणि त्याने फरकही आहे; आरडाओरडा थांबला, रात्री झोपतो. प्रमाणपत्रासाठी त्याला मोठा भाऊ घेऊन जातो, कारण भावाला चार लोकांत बोलता येते. डॉक्टर विचारतात, अंघोळ स्वतः करतो का? "हो साहेब, स्वतः करतो." जेवतो? "जेवतो." लोकांशी कसा वागतो? "शांत आहे, कोणाला त्रास नाही." कामाला जातो? "जातो की, आमच्यासोबत कारखान्याला येतो." किती दिवसांपासून आजारी? भाऊ फाईल पुढे करतो. फाईलमध्ये गेल्या वर्षभराचेच कागद आहेत.

आता गुण पाहा. निगेला शून्य, संबंधांना एक, बोलण्या-समजण्याला एक, कामाला एक. आजाराच्या काळाचा एक. बेरीज चार. भाऊ खोटे काही बोललेला नाही. डॉक्टरांनीही चूक केलेली नाही. तरी त्या माणसाचे खरे जगणे त्या खोलीत आलेच नाही.

तोच माणूस, तोच आठवडा, पण या वेळी आई सोबत आहे आणि वस्तीवरच्या आशाताईने तिच्याकडून ऐकून महिनाभर लिहिलेली एक वही आहे. वहीत असे आहे:

"अंघोळ आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. आईने पाणी काढून दिले आणि तिथे उभी राहिली तरच. नाहीतर तसाच बसून राहतो. गेल्या महिन्यात आई तीन दिवस माहेरी गेली, तेव्हा अंघोळ नाही, कपडे बदलले नाहीत, गोळी घेतली नाही. ताट पुढे ठेवले की जेवतो, स्वतः मागत नाही. शेळ्यांना चारा-पाणी स्वतःहून करतो, त्यात चूक होत नाही."

"भावाच्या धाकट्या मुलाशी खेळतो. बाकी कोणाशी बोलत नाही. पाहुणे आले की उठून शेताकडे जातो. या वर्षात दोनदा शेजाऱ्यावर संशय घेऊन भांडण केले. लग्नाला, मयतीला पाच-सहा वर्षांत गेलेला नाही."

"एक काम सांगितले तर कळते. दोन सांगितली तर दुसरे राहते. दुकानातून मीठ आणि साबण आणायला पाठवले तर कधी रिकामा परत येतो, कधी पैसे दुकानातच ठेवून येतो. प्रश्न विचारला तर उत्तर यायला वेळ लागतो. एकटाच पुटपुटतो, रोज."

"आजाराआधी भावाबरोबर बरोबरीने ऊस तोडायचा. आता तोडायला उभे केले तर अर्ध्या तासात कोयता टाकून बाजूला बसतो. मोळ्या बांधायला बसवतात, त्याही भावजय पुन्हा बांधते. मुकादम गेली आठ वर्षे त्याच्या नावावर उचल देत नाही."

ही शेवटची ओळ पाहा. बीड जिल्ह्यात तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. कोयता म्हणजे नुसते हत्यार नाही, कोयता म्हणजे दोन माणसांची जोडी, आणि मुकादम उचल देतो ती काम पाहून देतो. ज्याच्या नावावर आठ वर्षे उचल नाही, त्याची कमाईची क्षमता गावाने आणि बाजाराने केव्हाच मोजली आहे. "कारखान्याला येतो" आणि "कारखान्यावर काम करतो" यांत जेवढे अंतर आहे, तेवढाच गुणांत फरक पडतो. त्याला कोपीवर एकटे ठेवता येत नाही म्हणून तो सोबत नेला जातो. हे कोणी विचारले नाही तर कोणी सांगत नाही.

या नोंदींवरून आणि स्वतःच्या तपासणीवरून डॉक्टर निगेला दोन, संबंधांना दोन, बोलण्या-समजण्याला दोन आणि कामाला तीन गुण देऊ शकतात. नऊ झाले. उरला आजाराचा काळ.

काळ ठरवणे हे वेगळे काम आहे. घरच्यांना साल आठवत नाही, पण प्रसंग आठवतो. आईला विचारले, "लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा हा कसा होता?" ती म्हणते, "तेव्हा तर रानात पळून जायचा. त्याच्या आधी दोन पट्ट्यांपासनं सुरू झालं होतं." लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. त्याआधी ऊसतोडीचे दोन हंगाम म्हणजे २०१४. दहा वर्षे उलटून गेली. पण नुसते तोंडी सांगणे पुरत नाही, म्हणून कागद शोधावा लागतो. जुना केस पेपर, खाजगी डॉक्टरची चिठ्ठी, मेडिकलची पावती, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, काहीही चालते. ट्रंकेत, पत्र्याच्या फटीत, रेशन कार्डाच्या पिशवीत पाहा. ऊसतोडीच्या घरांत कागद सहा महिने इथे आणि सहा महिने कोपीत असतात, त्यामुळे ते भिजतात, हरवतात. ज्या दवाखान्यात पूर्वी दाखवले तिथे जाऊन नोंदींची प्रत मागता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला आपल्या उपचाराच्या नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे. आणि दवाखान्याआधी लोक कुठे गेले होते, तेही विचारा. देवऋषी, दर्गा, किंवा आपल्याच मंडळींची उपवास-प्रार्थना. कोणत्या साली नेले ते सांगताना घरचे लाजतात. पण त्यावरून सुरुवात कधी झाली ते कळते, म्हणून तेही वहीत लिहावे.

या उदाहरणात २०१५ च्या एका खाजगी दवाखान्याची चिठ्ठी सापडली आणि तीत "एक वर्षापासून त्रास" असे लिहिलेले होते. काळाचे चार गुण मिळाले. नऊ आणि चार, तेरा. टक्केवारी ४० ते ७० च्या दरम्यान आली. नेमका आकडा मंडळ लिहिते.

वहीत एक वाक्य असे होते की तो शेळ्यांचे स्वतःहून करतो. काही कार्यकर्ते अशी वाक्ये गाळतात, "कशाला चांगलं सांगायचं" म्हणून. ते गाळू नये. जमते तेही आणि जमत नाही तेही, असे दोन्ही लिहिलेले असेल तर वाचणाऱ्याला ते खऱ्या घरातून आलेले वाटते. सगळीकडे "काहीच करत नाही" लिहिलेले असले की अनुभवी डॉक्टर पेन खाली ठेवतात. शिवाय खोटे सांगून दिव्यांगाचा लाभ घेणे किंवा घेण्याचा प्रयत्न करणे हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याला खरेच आजार आहे त्याला वाढवून सांगण्याची गरज सहसा पडत नाही. त्याच्या घरच्यांना कमी सांगायची सवय असते, ती मोडावी लागते.

ती सवय लागते कशी, तेही समजून घेऊ. आई दहा वर्षे रोज पाणी काढून देते, मग तिला ती मदत वाटत नाही, दिवस वाटतो. म्हणून "तो अंघोळ करतो का?" असा प्रश्न घरच्यांना विचारूच नये. "काल अंघोळ केली का? पाणी कोणी काढले? तुम्ही सांगितले नसते तर?" असे विचारावे. चारही बाबतींत हाच धागा धरावा: काय करतो, आठवड्यातून किती वेळा, कोणाच्या मदतीने, आणि मदत नसेल तर काय होते. "वेड्यासारखं करतो" या वाक्याला एकही गुण नाही. "रात्री दोनदा उठून दार उघडून बाहेर जातो, म्हणून भाऊ दाराला आडवा झोपतो" हे डॉक्टरांच्या कामाचे वाक्य आहे.

बायकांच्या बाबतीत काम या सदरात फार कमी लिहिले जाते. "घरातच असते" म्हणून पुढे जातात. तिचे काम घरकाम धरले जाते, तेव्हा घरकामच विचारायला हवे. भाकरी थापते का, की पीठ मळून तसेच ठेवते? चूल पेटवून निघून जाते का? तान्हे मूल तिच्याजवळ एकटे ठेवता येते का? पूर्वी किती जणांचा स्वयंपाक करायची, आता कोण करते? नवऱ्याने माहेरी आणून सोडलेल्या बाईचे जुने कागद बहुधा सासरी राहिलेले असतात. ते परत मिळायला वेळ लागतो, तेव्हा त्या कामाला आधी लागावे.

आता एक गैरसमज, ज्याने माणसांचे खरे नुकसान होते. मंडळाच्या तारखेआधी आठ-पंधरा दिवस औषध बंद करायचे, म्हणजे "आजार दिसेल", असा सल्ला वस्त्यांवर फिरत असतो. असे कधीही करू देऊ नका. बंद केलेल्या औषधाने आजार उलटतो, माणूस घर सोडून जातो, कधी जिवावर बेततो, आणि पुन्हा ताळ्यावर यायला महिने लागतात. त्याने प्रमाणपत्राचा फायदाही होत नाही. तो भरती झाला तर मोजणी पुढे ढकलली जाण्याचीच शक्यता जास्त, कारण ही मोजपट्टी घरी राहणाऱ्या माणसासाठी आहे, वॉर्डात भरती असलेल्यासाठी नाही. औषध चालू असताना, आवाज कमी झालेले असतानाही जे जमत नाही, तेच त्याचे दिव्यांगत्व. औषधाने येणारी सुस्ती, हात थरथरणे, हेही डॉक्टरांना सांगावे. मुद्दाम मळक्या कपड्यात नेण्याचीही गरज नाही. त्याला अंघोळ घालून न्या, आणि अंघोळ कोणी घातली ते सांगा.

अर्जाची वाट थोडक्यात अशी. अर्ज swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर होतो. गावातल्या सेवा केंद्रावर करून घेता येतो. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठा लागतो. इथे एक चूक नेहमी होते. दिव्यांगत्वाच्या प्रकारात Mental Illness निवडायचे असते, पण केंद्रावरचा मुलगा घाईत Intellectual Disability निवडतो. ते बौद्धिक अक्षमतेसाठी आहे. मग बुद्ध्यांकाची चाचणी करायला सांगतात, आणि ज्याची बुद्धी शाबूत आहे तो माणूस त्यात बसत नाही. पावती हातात घेण्याआधी तो शब्द स्क्रीनवर स्वतः पाहा. परळीच्या लोकांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. जिल्हा रुग्णालय बीडला आहे. उपचार जिथे चालू आहेत तिथल्या मानसोपचार विभागात आधी विचारा की मानसिक आजाराची तपासणी कोणत्या वारी असते, म्हणजे एका मजुरीवर दोन खेपा होत नाहीत. उपचारच सुरू नसतील तर प्रमाणपत्राच्या आधी ते सुरू करा. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येते आणि जवळची सोय विचारता येते.

तारखेला जो माणूस रोज सोबत राहतो तोच गेला पाहिजे. बोलका पण सहा महिने कारखान्यावर असणारा भाऊ नको, अबोल आई चालेल. आईला मराठीपेक्षा पारधी किंवा गोरमाटी जास्त जमत असेल तर सोबत कोणी न्या, पण त्याने तिचे बोलणे आखडून "ठीक आहे म्हणते" असे सांगू नये. आजारी माणूस स्वतः म्हणेल, "मला काही झालेलं नाही." आपल्याला आजार आहे हे न कळणे हाही कित्येकदा आजाराचाच भाग असतो, डॉक्टरांना ते ठाऊक असते. त्यावरून त्याला सगळ्यांसमोर खोटे पाडू नका. त्याच्या देखत त्याच्या अंघोळीची चर्चा ऐकून घेणे त्याला किती जड जात असेल, याचा विचार करा आणि घरच्यांशी थोडे बाजूला बोलाल का, अशी डॉक्टरांना विनंती करा. वही द्या, पण आग्रह धरू नका. वही म्हणजे प्रमाणपत्राचा कागद नव्हे, डॉक्टर ती वाचायला बांधलेले नाहीत. तिचा खरा उपयोग आईला होतो: महिनाभर लिहून घेतल्यामुळे तिला नेमके बोलता येते.

ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. नाकारले तर कारण लेखी मिळायला हवे, आणि निर्णयाविरुद्ध अपील करता येते. अपील करताना पहिल्या वेळी जे सांगायचे राहिले ते जोडा. नुसता "अन्याय झाला" असा अर्ज पुढे सरकत नाही. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असेल तर ती तारीख घरात भिंतीवर लिहून ठेवा, कारण मानसिक आजारात बदल होऊ शकतो म्हणून मंडळ ते काही वर्षांपुरतेही देऊ शकते. पुढच्या वेळेसाठी वही चालू ठेवा, महिन्यातून एक पान पुरते.

या कागदाने काय मिळते? आपल्या भागात मुख्य म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. अर्ज तहसील कार्यालयात होतो. दिव्यांगासाठी चाळीस टक्के प्रमाणपत्र आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत, या दोन अटींवर बहुतेक अडते. सोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि आधारला जोडलेले बँक खाते लागते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना २,५०० रुपये आहेत. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी मात्र ऐंशी टक्के लागतात आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते, त्यामुळे आपल्या उदाहरणातला माणूस त्यात बसत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि ऊसतोडीवर गेलेल्या घराचा हा दाखला नेमका राहतो. निघण्याच्या आधी तहसीलमध्ये विचारून घ्या.

खाते त्या माणसाच्या नावावर असावे. आजार आहे म्हणून बँकेने खाते नाकारायचे नसते. इतरांसारखे आपले पैसे सांभाळण्याचा हक्क कायद्याने त्यालाही आहे. उदाहरणातल्या घरी आईने पहिल्या हप्त्यातून औषधाच्या खेपेचे भाडे बाजूला काढले आणि उरलेल्यात त्याच्यासाठी एक शेळी घेण्याचे ठरवले. शेळ्यांचे त्याला जमते, हे वहीत लिहिलेलेच होते.